मूळ कागदावरून

बाबांची खुर्ची घरी न्यायची, एवढ्यासाठीच रोहिणी आली होती. शाळेत शिकवून झाल्यावर घरी न जाता ती थेट परभणीच्या स्टेशन रोडवरच्या त्या टायपिंगच्या दुकानात आली. बाबा जाऊन दोन महिने झाले होते. दुकानाच्या दारावर त्यांच्याच हातची पाटी होती: 'सूर्यभान – मराठी, अरबी भाषांतर'. टेबलापाशी मात्र बाबांच्या हाताखाली शिकलेली तस्नीम बसली होती.

"आपा, या की. बसा," तस्नीम उठली. "चहा सांगते."

"बसायला नाही आले. खुर्ची न्यायचीये."

तस्नीमने खुर्चीकडे पाहिलं. बाबांची वायरची खुर्ची रिकामीच होती, आणि ही पोरगी शेजारच्या स्टुलावर बसून काम करत होती. म्हणजे मानही राखायचा आणि जागाही धरून ठेवायची. रोहिणीला तेही टोचलं.

तसं टोचायला काहीही पुरायचं. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना चालू असताना ही तस्नीम मागे बायकांत बसून हुंदके देत रडली होती, आणि मामी म्हणाली होती, "पोरीपरास हीच जास्त रडायली की!" रोहिणीच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आलं नव्हतं. आजतागायत नव्हतं.

बाबा मस्कतला एका ठेकेदाराच्या कचेरीत सतरा वर्षं टायपिस्ट होते. अरबी तिथेच शिकले. ते परत आले तेव्हा दहा वर्षांच्या रोहिणीने हट्ट धरला होता, मलाही शिकवा. ते म्हणाले होते, "तू मराठी पक्की कर. मला त्याचीच गरज आहे." एकच अरबी शब्द तिला मिळाला. तिच्या प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर ते तिच्या नावाखाली लिहायचे: इब्ना. म्हणजे मुलगी. आणि मग वीस वर्षांनी उर्दू शाळेत शिकलेली ही तस्नीम आली, आणि तिला त्यांनी अख्खी भाषा दिली.

चहा सांगायला तस्नीम बाहेर गेली. टेबलावर एक छापील अरबी कागद होता, शिक्का मारायचा राहिलेला. रोहिणीची नजर त्यावरून घसरत गेली आणि दुसऱ्या ओळीवर थांबली. उभी काठी, पुढे खाली एक ठिपका, वर एक ठिपका, शेवटच्या गोलावर दोन ठिपके. इब्ना.

 हिला पण? हिलाही लिहून दिलं त्यांनी, जाण्याआधी?

तिने कागद ओढून घेतला. त्याला टाचणीने दुसरा कागद जोडला होता: मोबाइलवरच्या फोटोची प्रिंट. झरीच्या ग्रामपंचायतीचा हाताने लिहिलेला दाखला. फोटो हललेला, मधोमध कागदाच्या घडीची सावली. बाबांचा काही संबंध नव्हता. आश्रुबा नावाचा गवंडी मस्कतला बांधकामाच्या परांचीवरून पडला होता, बेशुद्ध होता, आणि त्याच्याजवळ जायला घरच्या माणसाला व्हिसा हवा होता. त्यासाठी नात्याचा दाखला.

 मग सवयीने तिने मराठी वाचलं. 'आश्रुबा यांची पुत्री राजेश्री' असं दिसत होतं. तिने कागद उजेडाकडे तिरपा धरला. पुढच्या ओळीत ग्रामसेवकाने 'प्रयत्न' लिहिलं होतं, त्यातही 'त्न'मधल्या नची गाठ फोटोत विरघळून 'त्र' झाला होता. 'प्रयत्र' असा शब्द कुठे असतो? आणि 'पु'चा उकार शाईचा नव्हताच. ती घडीची सावली होती, ओळभर गेलेली.

पुत्री नव्हे. पत्नी.

अरबीत बायकोसाठीचा शब्द हवा होता, झालं होतं इब्ना. दोन्ही बायकांचेच शब्द, त्यामुळे पुढचं वाक्य कुठे अडखळलं नसणार. अर्जासोबतच्या लग्नाच्या कागदावर बायको आणि या कागदावर मुलगी. तिकडचा कारकून दोन्ही शेजारी ठेवील आणि अर्ज परत पाठवील.

बाबांच्या वेळी हे झालं नसतं. त्यांचा नेम होता: भाषांतर फोटोवरून नाही, मूळ कागदावरून, आणि एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. वाचायला रोहिणी असायची, रोज संध्याकाळी तासभर. बाबा गेल्यावर तस्नीमने दोनदा फोन केला होता, "आपा, तेवढं वाचायला येता का?" तिने नाही म्हणून ठेवून दिला होता.

तस्नीम चहा घेऊन आली. रोहिणीने कागद जागच्या जागी ठेवला.

 चहा गोड होता, बाबांना लागायचा तसा. तस्नीमने शिक्का शाईवर दाबला, फुंकर मारली, दोन्ही प्रतींवर उठवला. रोहिणी बघत राहिली. जाऊ दे हा कागद. परत येऊ दे. झरीपासून पेडगावपर्यंत होऊ दे बोभाटा, की सरांच्या टेबलावर बसायची हिची लायकी नाही. असा विचार आपल्याला येतो आहे याचं तिला नवल वाटलं, आणि तरी तिने कप संपेपर्यंत तोंड उघडलं नाही.

दारात एक बाई आली. पंचविशीची, हातात पिशवी, घाम पुसत.

"आश्रुबाच्या कागदासाठी आले. पुतण्यानं फोटू धाडला व्हता."

"तयार आहे, भाभी," तस्नीमने पाकीट पुढे केलं.

बाईने कागद काढून उलटसुलट पाहिला. मग तिने रोहिणीकडे पाहिलं. "ताई, तुमी सरांची लेक ना? बगा की जरा. बरुबर हाय न्हवं? मला ह्यातलं काई कळत न्हाई. मालक तिकडं एकलेच पडलेत, तेरा दिस झाले."

रोहिणीने कप खाली ठेवला.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायकू की! आणिक कोण?"

तस्नीमचा हात शिक्क्यावरच राहिला. 

"मूळ कागद आणलाय?" रोहिणीने विचारलं.

राजेश्रीने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दाखला काढला. "हे काय. पर फोटूवर भागतंय म्हनला पुतण्या."

"भागत नाही." रोहिणी बाबांच्या खुर्चीत बसली. कागद गुडघ्यावर सरळ केला आणि मोठ्याने वाचू लागली. "आश्रुबा यांची पत्नी. प. मग अर्धा त, त्याला न. लिही."

तस्नीमने जुन्या प्रती फाडल्या आणि लिहिलं.  राजेश्री नवा कागद घेऊन, देवाला लावावा तसा कपाळाला लावून गेली.

तस्नीमने खणातून एक वही काढली. बाबांची. फोटोत फसणारी जोडाक्षरं डावीकडे, अरबी उजवीकडे. 'मध्य – मद्य. पोटाच्या मध्यभागी दुखते, हे डॉक्टरचं. वसत म्हणजे मध्य, खम्र म्हणजे दारू. माणूस दारुडा ठरला असता.' आणि समासात, जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे: 'रो.ने पकडलं.'

"मी चुकले ना, की सर म्हणायचे, रोहिणी असती तर चुकू दिलं नसतं," तस्नीम म्हणाली. "मला लय राग यायचा तुमचा. खरं सांगते आपा, तुमचं नाव निघालं की अंगाची आग व्हायची."

रोहिणी समासातली ती अक्षरं बघत राहिली. ती पुसट व्हायला लागली. बऱ्याच वेळाने तिने पदराने डोळे टिपले.

तस्नीमने पेन उघडलं. 'पत्नी – पुत्री' लिहिलं, पुढे अरबी दोन शब्द. समासाशी येऊन थांबली. "तुमचंच नाव टाकते."

"टाक," रोहिणी म्हणाली. "आणि उशिरा पकडलं, असं लिही. चहा येण्याआधीच दिसलं होतं मला."

तस्नीमने मान वर केली. मग तिने तसंच लिहिलं, शब्दाला शब्द.

खुर्ची त्या दिवशी घरी गेली नाही.