अठ्ठेचाळीस ग्रॅम

मापात माझी चूक होत नाही, हे मी तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. शिवणकामात पाव इंच इकडचा तिकडे झाला की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, म्हणून माझी टेप कायम गळ्यात आणि मापांची वही कायम मशीनशेजारी. त्यामुळे डॉक्टरांनी ह्यांच्या कागदावर ‘प्रथिने: दिवसाला ४८ ग्रॅम’ असं लिहून दिलं, तेव्हा मला उलट हायसंच वाटलं. आकडा दिलाय ना, मग झालं! खाली ‘आहारतज्ज्ञांना भेटा’ असंही होतं. तिकडे मी फिरकलेच नाही. माप हातात असताना आणखी विचारायचं काय?

हे पंप दुरुस्त करतात. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. मधुमेह जुना, पण चार महिन्यांपूर्वी लघवीतून प्रथिनं जायला लागली आणि रक्तातलं क्रिएटिनिन वाढून एक पूर्णांक सात आलं. मूत्रपिंडं थकायला लागलीत, अजून वेळ आहे, जपा, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या थोरल्या भावालाही कुणीतरी असंच म्हणालं होतं. त्याने मनावर घेतलं नाही. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून तीनदा मीच त्याला डायलिसिसला नेत होते, आणि मग न्यायला कुणी उरलंच नाही. ह्यांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, असं मी त्या दवाखान्याच्या पायरीवरच ठरवलं.

घरी येताना स्वयंपाकघरासाठी छोटा वजनकाटा घेतला. डाळ, अंडं, दूध, तिन्ही मिळून अठ्ठेचाळीस ग्रॅम. शिजवलेली डाळ अठ्ठावीस ग्रॅम वाढली, तर चहात दूध वीस ग्रॅम. अंड्याच्या दिवशी डाळ बंद, दूध बंद. सोललेलं अंडं बावन्न ग्रॅम भरायचं, म्हणून चार ग्रॅमची चकती सुरीने कापून बाजूला काढायची. ती मी तोंडात टाकायचे, उगाच वाया कशाला घालवायची. साखर वाढू नये म्हणून पोळ्याही निम्म्या केल्या.

“अगं, भूक राहते पोटात,” हे एकदा म्हणाले.

“भूक राहिलेली परवडली, मशीनला जोडलेलं नाही परवडत,” मी फटकारलं. त्यानंतर ते कधी काही बोलले नाहीत. मला वाटलं, सवय झाली.

काल चार महिन्यांनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन एक पूर्णांक चार! मी कागद घेऊन अख्ख्या आळीत मिरवले म्हणा ना. आज सकाळी डॉक्टरांसमोर बसले तीही शाबासकी घ्यायलाच. त्यांनी रक्ताचा आकडा पाहिला, लघवीचा पाहिला, ह्यांना काट्यावर उभं केलं. लघवीतून जाणारी प्रथिनं होती तेवढीच होती. वजन साठावरून चौपन्नावर आलं होतं. त्यांनी साखरेची गोळी निम्मी केली, रक्ताची आणखी एक तपासणी लिहिली आणि म्हणाले, “आधी शेजारच्या खोलीत जा.”

शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञ बाई. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी ह्यांना सांगितलं, “काका, हात छातीशी धरा, आणि खुर्चीतून पाच वेळा उठून बसा.”

हे दोनदा उठले. तिसऱ्यांदा अर्ध्यातच थांबले आणि हात खुर्चीला गेले. “हल्ली पान्ह्याने नटही घट्ट आवळता येत नाही,” ते ओशाळून म्हणाले. हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं.

मग बाईंनी मला विचारलं, दिवसभरात काय देता. मी तोऱ्यात सगळं सांगितलं, काट्यासकट, चकतीसकट. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“काकू, अठ्ठेचाळीस ग्रॅम हे प्रथिनांचं माप आहे. जेवणाचं वजन नव्हे. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात प्रथिनं असतात जेमतेम सहा ग्रॅम. अठ्ठावीस ग्रॅम डाळीत दोनच्या आत. पोळी-भात धरूनसुद्धा काकांना निम्म्याहून कमी मिळत होती.”

“पण क्रिएटिनिन उतरलं की!” माझा आवाज चढला. तेवढंच माझ्या हातात उरलं होतं.

“ते बरंचसं स्नायूंमधून येतं. स्नायू झडले की आकडाही उतरतो. मूत्रपिंड सुधारलं असं त्यावरून म्हणता येत नाही. म्हणून तर डॉक्टरांनी स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली तपासणी लिहिलीय. आठवड्याभरात कळेल.” त्यांनी टेबलावर टेप शोधली. “दंडाचा घेर बघू या.”

टेप माझ्याच गळ्यात होती. मी घेर घेतला. साडेदहा इंच. मार्चमध्ये ह्यांचा सदरा शिवताना वहीत मीच लिहिलं होतं, बारा. आणि पँट? चार महिन्यांत तीनदा कंबर आत घेतली होती. तिसऱ्या वेळी तर शिलाईतलं जादा कापड कापूनही टाकलं, पुन्हा लागणार नाही म्हणून. वर मीच हसून म्हणाले होते, “पोट गेलं बघा, नवरदेव दिसताय!” माणूस माझ्या हाताखाली झिजत होता आणि मी टाके घालत होते. मला त्या खोलीत बसवेना.

“मग आता किती देऊ? चार अंडी? सहा? धाकटा दीर तर ती डब्यातली पावडर आणून देतो म्हणतोय.”

“अजिबात नको. प्रथिनं फार झाली तरी मूत्रपिंडांवर ताण पडतो. साठ किलोच्या हिशेबाने दर किलोला पॉइंट आठ, तेच तुमचे अठ्ठेचाळीस. ते पूर्ण मिळू द्या, फार ओलांडू नका.” त्यांनी कागदावर लिहीत लिहीत सांगितलं. दोन वाट्या घट्टसर डाळ, एक अख्खं अंडं, एक पेला बिनसाखरेचं दूध, पाच पोळ्या, थोडा भात आणि भाज्या. रक्तातलं पोटॅशियम ठीक आहे, म्हणून डाळीची भीती नको. मीठ बेताचं. जोडीला रोज थोडा व्यायाम.

“गेलेलं परत येईल?” मी विचारलं.

“बरंचसं येईल. वेळ लागेल. ह्या वयात सगळंच येईल असं नाही सांगत.”

घरी येईपर्यंत हे माझ्याशी एका शब्दाने वाईट बोलले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

मी काटा उचलून माळ्यावर टाकला. दोन वाट्यांपैकी एक वाटी डाळ दुपारच्या ताटात वाढली, अंडं उकडलं, सोललं आणि अख्खं ठेवलं. मग पाणी आणायला वळले. परत आले तर ह्यांनी अंडं हातात घेतलं होतं, आणि नखाने त्याच्या टोकाची चकती काढत होते. नेमकी तेवढीच. चार महिने बघून बघून हाताला माप बसलं होतं.

“अहो, काय करताय?”

त्यांनी ती चकती माझ्या तळहातावर ठेवली.

“हा तुझा वाटा नाही का?” ते म्हणाले, अगदी साधेपणाने, आणि पुढे जेवायला लागले.