हिरव्या ओळी

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे ‘खोडरबर’ म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटे, कारण अठरा वर्षं ती ओडिया मजकुरातल्या लोकांच्या चुकाच खोडत आली होती. आता माणसांऐवजी यंत्र चुका करायचं, एवढाच काय तो फरक. यंत्र इंग्रजीतून ओडियात भाषांतर करी आणि ही ते सुधारून पुढे पाठवी.

तिचे वडील, आप्पा, ओडिया छापखान्यात मुद्रितं तपासण्यात हयात घालवून निवृत्त झालेले. घरात आलेला छापील कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय रद्दीत जात नसे, मग ते लाइटचं बिल का असेना. म्हणूनच आदल्या संध्याकाळी तिनं नवीन माहितीपत्रकाच्या दोन प्रती हौसेनं घरी आणल्या होत्या. जुलाब झालेल्या लहान मुलांना पाण्यात कालवून द्यायची मीठ-साखरेची पावडर असते, तिचं ते पत्रक. छापून झालं होतं, गठ्ठे आरोग्य केंद्रांकडे रवानाही झाले होते.

सकाळी ती चहा गाळत होती आणि आप्पा टेबलाशी भिंग घेऊन बसले होते.

“भाषा झकास आहे गं,” ते म्हणाले. “तुझा हात कळतो.”

ती मनातल्या मनात फुलली. आप्पांच्या तोंडून झकास निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटण्यासारखंच.

“फक्त हे सांग, चित्रात एवढा मोठा जग का काढलाय? शेजारी पाच पेले. आणि खाली लिहिलंय, एक पाकीट एका पेल्यात. मग बाकीचे चार पेले कोणासाठी, पाहुण्यांसाठी?”

आप्पांची पद्धत जुनी होती. आधी चित्रं आणि आकडे तपासायचे, अक्षरं नंतर. अक्षरांत माणूस गुंगतो, म्हणत.

“चित्रकारानं उगीच काढलं असेल,” ती म्हणाली खरी, पण गाळणं तिच्या हातात तसंच राहिलं. चहा कपाबाहेर सांडला तरी तिला कळलं नाही. तशीच पत्रक पर्समध्ये कोंबून ती निघाली. मूळ मजकूर फक्त ऑफिसच्या मशीनवर उघडायचा.

पंधरा मिनिटांत ती आपल्या खुर्चीत होती. यंत्राच्या भाषांतराला दुसरं एक यंत्र गुण देई. चांगले गुण मिळालेली वाक्यं हिरवी होत आणि घडी घालून मिटून जात. मध्यम गुणांची पिवळी तेवढी उघडी राहत. मूळ इंग्रजी वाक्य बघायचं तर वेगळं बटण दाबावं लागे. पूर्वी ते शेजारीच दिसायचं. ‘वेळ वाचतो’ म्हणून वरच्यांनी ते झाकून टाकलं होतं. दिवसाला सातशे वाक्यं उरकायची होती ना.

तिनं वाक्य शोधलं आणि बटण दाबलं. मुळात स्वच्छ लिहिलं होतं: संपूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक लिटरचं मीठ एका पेल्यात, म्हणजे पाचपट. जुलाबानं आधीच सुकलेल्या तान्ह्या पोराच्या पोटात इतकं मीठ गेलं तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. आणि यंत्रानं हे लिहिलं होतं किती सफाईनं. कुठे अडखळणं नाही, की चुकीचा प्रत्यय नाही. अडाण्यासारखं लिहिलं असतं तर कोणाला तरी शंका आली असती.

मग तिनं खालची नोंद वाचली आणि यंत्रावरचा राग निम्म्यावर आला, कारण बाकीचा निम्मा तिच्याच अंगावर उलटला. वाक्य पिवळं होतं. दुरुस्ती करणारी व्यक्ती: तीच. बदललेले शब्द: एक. मूळ उघडलं: नाही. लागलेला वेळ: नऊ सेकंद.

तिला आठवलंसुद्धा. ‘विरघळवा’च्या जागी तिनं आयांच्या तोंडचा शब्द घातला होता. वाक्य कसं कानाला गोड लागलं होतं. विषाच्या बाटलीवर सुवाच्य अक्षरात ‘सरबत’ लिहावं, तसं तिनं केलं होतं. आप्पांच्या हाताखाली शिकलेली मुलगी, आणि मूळ न वाचता सही करून मोकळी. तिला स्वतःच्या कानशिलात द्यावीशी वाटली.

पत्रकाच्या तळाशी चारही केंद्रांचे नंबर होते. पहिल्या तीन केंद्रांवर गठ्ठे अजून सुटलेही नव्हते. तिनं ते तसेच बांधून ठेवायला सांगितले. चौथ्या केंद्रावर एका आरोग्यसेविकेनं फोन उचलला.

“ते पत्रक ना ताई, कालच मिळालं. बरं झालं पाठवलंत. आम्ही आजवर चुकीचंच सांगत होतो की.”

“काय चुकीचं?”

“आम्ही लिटरभर पाणी सांगायचो. पत्रकात बघितलं तर पेला. आता इतक्या शुद्ध भाषेत लिहिलंय म्हणजे कोणी शिकल्यासवरल्या माणसानंच लिहिलं असणार. मी सकाळीच तीन घरी जाऊन नवी रीत सांगून आले.”

खोडरबरनं तिला पुढे बोलूच दिलं नाही. “ताई, तुमचं जुनंच बरोबर आहे. पत्रक चुकलंय. लिटरच. पेल्यात कालवलेलं असेल तर ओतून द्यायला सांगा, आणि कोणी प्यायलं असेल तर मूल आधी डॉक्टरांकडे न्या. आत्ताच्या आत्ता.”

 पलीकडून चपला सरकवल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

तिनं घाईघाईनं एक मेल लिहून पाठवला. आता वाट बघण्यावाचून हातात काही नव्हतं, आणि रिकाम्या हातांना राग जास्त येतो. तेवढ्यात विभागप्रमुख आला. त्याला सगळे ‘डॅशबोर्ड’ म्हणत, कारण माणसापेक्षा त्याचा स्क्रीनवरच्या काट्यांवर जास्त विश्वास. तिनं घडलेलं सांगितलं.

“शहाण्णव टक्के गुण आहेत मॅडम या फाइलला,” तो म्हणाला.

“गुण भाषेला आहेत. खरेपणाला कोणी दिले?”

“एका वाक्याची चूक आहे. दुरुस्त करू, गाजावाजा नको. तसं बघितलं तर,” त्यानं नोंदीवर बोट ठेवलं, “त्या वाक्याला शेवटचा हात तुमचा आहे.”

“माझाच आहे. मी कुठे नाही म्हणते? बसा इथे.”

ती अशा आवाजात बोलली की तो बसला. तिनं यंत्राला इंग्रजी वाक्य पुन्हा दिलं, एक लिटरचं. ओडियात आलं: एका पेल्यात. तिनं मुळात तीन लिटर केलं. पेला. एक बादली केलं. पेलाच. शेवटी तिनं लिहिलं, संपूर्ण पाकीट विहिरीच्या पाण्यात विरघळवा. यंत्रानं न लाजता, शुद्ध, ओघवत्या ओडियात पेला दिला, आणि त्या वाक्याला गुण मिळाले चौऱ्याण्णव. हिरवं होऊन ते शहाण्यासारखं मिटूनही गेलं.

मग तेच वाक्य तिनं एका मोठ्या भाषेत करायला दिलं. तिथे यंत्रानं मुकाट्यानं विहीर लिहिली.

“त्या भाषेत त्याला शिकायला ढीगभर मजकूर मिळालाय,” ती म्हणाली. “ओडियात मूठभर. त्या मुठीत कुठल्यातरी छोट्या पाकिटांचं पत्रक शंभरदा आलं असणार, पेल्यात कालवायच्या पाकिटांचं. पाकीट, पाणी, विरघळवा एवढं दिसलं की हे समोरचं सोडून देतं आणि पाठ केलेलं म्हणतं. पोपट आहे तो. आणि गुण देणारा दुसरा पोपट त्याच पिंजऱ्यातला.”

डॅशबोर्डचा चेहरा उतरला. पण खुर्ची माणसाला लवकर शहाणं होऊ देत नाही. “म्हणजे आता काय, सगळी हिरवी वाक्यं पुन्हा उघडायची? नऊ हजार आहेत. ग्राहकाला काय सांगू मी?”

“तुम्ही काही सांगू नका. मी सांगितलंय. तुम्ही येण्याआधीच मेल गेलाय. काय चुकलं, कोणी चुकवलं, कुठली केंद्रं, सगळं. खाली माझं नाव आहे. वाटप थांबवा म्हटलंय.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तुम्ही टक्केवारी सांगितली असती.”

तो उठला. “तुमची नोकरी जाऊ शकते, कळतंय ना?”

“कळतंय,” ती म्हणाली. आणि तिला भीतीही वाटली, खोटं कशाला बोला. आप्पांची औषधं, घराचं भाडं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. आपल्या भाषेत मूठभर मजकूर आहे म्हणून आपल्या पोरांनी पाठ केलेलं औषध प्यायचं, आणि ते कोणाला कळू नये म्हणून वर आपण त्याला इस्त्री करायची. अठरा वर्षं चुका खोडणाऱ्या बाईनं शेवटी चूक लपवायचं काम पत्करलं होतं, दिवसाला सातशेच्या दरानं.

दीड तासानं फोन वाजला. सेविकेला धाप लागली होती.

“तिन्ही घरं झाली, ताई. दोन घरी पाकीट फोडलंच नव्हतं. तिसऱ्या घरी पेल्यात कालवलं होतं. आईनं चमचाभर तोंडाशी लावलं तर सात-आठ महिन्यांच्या पोरानं थू करून टाकलं. खारट लागलं असणार. आई त्याला दटावतच होती, लिहिलंय तसं प्यायलाच हवं म्हणून. मी पेला ओतला. तरी पोराला डॉक्टरांना दाखवून आणलं. बरा आहे.”

खोडरबरनं डोळे मिटले. त्या तान्ह्या पोराला जे कळलं, ते शहाण्णव टक्क्यांना कळलं नव्हतं. आणि तिलाही नाही.

“एक विचारू का?” सेविका म्हणाली. “रागानं नाही विचारत. लिहिलंय कोणी ते? वाचताना वाटलं, आपल्यातलंच कोणीतरी बोलतंय.”

यंत्रानं, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

“मी,” ती म्हणाली.

 सेविका म्हणाली, “बरं. आता नीट लिहून पाठवा,” आणि तिनं फोन ठेवला.

खोडरबरनं पर्समधून आप्पांच्या हातचं पत्रक काढलं आणि कीबोर्डशेजारी उलटं ठेवलं, कोऱ्या बाजूवर यादी करायला. मग फाइलच्या पहिल्या ओळीपाशी गेली. ती हिरवी होती. तिनं बटण दाबून मूळ उघडलं आणि आधी ते वाचलं.