चित्र क्रमांक सात

=SUM(C4:C13)

आईच्या डाव्या हातावरची फुगलेली शीर.

न उघडणारी खिडकी.

वीस.

मी परवाना कार्यालयात तपासनीस आहे. डायलिसिस केंद्रं मूळ एक्सेल शीट बाहेर देत नाहीत, स्क्रीनशॉट पाठवतात. नर्सेसच्या नावांवर काळी पट्टी, एक सेल निवडलेला, वर त्याचा फॉर्म्युला. चित्र म्हणजे न उघडणारी खिडकी, त्यावर क्लिक करता येत नाही. तरी बोट जातंच.

आज समोर आईचंच केंद्र आहे. तिला आठवड्यातून तीनदा तिथे जाऊन डाव्या हाताच्या शिरेतून डायलिसिस करून घ्यावं लागतं. नर्सेसचे तास कमी भरले तर केंद्राला टाळं, आणि दुसरं केंद्र बसने चार तासांवर. आई तिथली रुग्ण आहे हे आमच्या साहेबांना सकाळीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

चित्र सहा. वरच्या ओळी कापलेल्या. C15, =SUM(C4:C13), म्हणजे चौथ्या ते तेराव्या ओळीची बेरीज: आठवड्याचे एकूण तास ५०४. गरज ४००. झालं, सही करायची आणि सुटायचं.

चित्र सात. C9. ती ओळ मी एका नर्सची समजले होते. फॉर्म्युला =SUM(C4:C8). सकाळपाळीच्या पाच जणींची बेरीज, १८०, आणि एकूणात ती पुन्हा धरलेली.

५०४ नाहीत. ३२४.

केंद्राच्या मुख्य सिस्टरना फोन लावला.

“सिस्टर, चौदाव्या ओळीत कोण?”

“नवी मुलगी. छत्तीस तास.”

“ती बेरजेत नाहीये. रेंज तेराव्या ओळीलाच संपते.”

“म्हणजे वाढले की आमचे तास! ताई, देवमाणूस हो तुम्ही.”

३६०. मी चित्र तीन काढलं. गरज =B2*10, रुग्णामागे दहा तास. B2 म्हणजे मागच्या महिन्याचे चाळीस रुग्ण. या महिन्याचे B3 मध्ये, अडतीस. गरज ३८०.

“अजून वीस कमी पडतात, सिस्टर.”

“आणखी एखादी चूक सापडते का बघा ना.”

“दुपारपासून तेच करतेय.”

आयुष्यात पहिल्यांदा मी चुका सापडाव्यात म्हणून देव पाण्यात घातले होते. सगळी चित्रं पुन्हा पाहिली. बाकी सगळं बरोबर होतं.

“तुमच्या आई चार नंबरच्या खुर्चीवर आहेत. फोन देऊ?”

“नको.”

तोवर फोन आईच्या हातात गेलेला.

“काय गं, जेवलीस का?”

“जेवले.”

“खोटं बोलतेस. आवाजावरून कळतं.”

मागे मशीनची एकसुरी घरघर. मी अहवालात लिहिलं: प्रत्यक्ष ३६०, आवश्यक ३८०. खाली लिहिलं: माझी आई इथली रुग्ण आहे. सही केली.

“सिस्टरना दे,” मी म्हणाले.

“वीस कमीच लिहिले, सिस्टर.”

“बरं केलंत,” सिस्टर म्हणाल्या. “गेले तीन महिने माझ्या मुली दोन-दोन पाळ्या करतायत, ताई. वर कुणी ऐकतच नाही. म्हणतात, शीटमध्ये तास भरपूर आहेत.”

मी केंद्राकडून सहाच चित्रं मागवली होती. सातवं सिस्टरनी न मागताच जोडलं होतं.