वाकडी पाकळी

मी शेवगावचा पेंटर दिलावर. एका कादंबरीसाठी मी कल्पनेतल्या देशाचा नकाशा हातानं काढला होता. तुटका किनारा, डोंगर, चहाच्या पाण्यानं जुनाट केलेला कागद. कोपऱ्यात दिशा दाखवायला काढलेल्या होकायंत्राच्या फुलाची एक पाकळी तेवढी वाकडी गेली.

महिन्यानं फ्लेक्सवाल्या तौसीफच्या स्क्रीनवर दुसराच देश दिसला, पण पाकळी तशीच वाकडी. त्या भाड्यानं माझ्या नकाशाचा फोटो एआयला देऊन खाली चार ओळींचं वर्णन टाईप केलं होतं.

मी त्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबला आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. बोटं कडाकडा मोडली.

"आता कर टाईप!"

तो गुरासारखा ओरडला. मग डाव्या हातानं मोबाईल उचलून त्यानं एआयचा माईक दाबला आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "हातानं काढलेला नकाशा. पाकळी सरळ कर."