शेवटच्या सहा पट्ट्या

तिच्या सासरी तिला सगळे फौजदारीण म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिलाही त्यात वावगं वाटत नसे. दुकानदाराने वजन केलं की ती काट्याकडे नाही, त्याच्या करंगळीकडे बघायची. पाहुणे 'सहज आलो' म्हणाले की त्यांचं खरं काम काय असेल याचा तिला पाणी देतादेताच अंदाज यायचा. दहापैकी आठदा तो अंदाज साफ चुकायचा. पण उरलेल्या दोन वेळांच्या भांडवलावर तिने पंचवीस वर्षं संसार रेटला होता.

म्हणून धाकट्या बहिणीचा निरोप आला तेव्हा तिच्या मनात शंकेची पाल नुसती चुकचुकली नाही, ठाण मांडून बसली. बहीण आपल्या मुलीसाठी जुना कीबोर्ड शोधत होती. शोधताना तिला मोबाइलवर एक जाहिरात दिसली आणि तिने ती पुढे पाठवली. खाली लिहिलं होतं, "ताई, हा भावोजींचा अकॉर्डियन नाही ना?"

फौजदारिणीने चष्मा लावून फोटो मोठा केला. डाव्या हाताचा पट्टा तपकिरी चामड्याचा होता. ते चामडं तिच्याच फाटक्या पर्सचं, शिवलेलंही तिनेच. शंकाच नको. तिने मजकूर वाचायला घेतला.

"पियानो अकॉर्डियन. एक्केचाळीस पट्ट्या, एकशेवीस बास. बनावट परदेशी, समोरचं नाव पुसलं आहे, आतल्या शिक्क्यावरून साधारण चाळीस वर्षं जुना. भाता हवाबंद, घड्यांचे कोपरे शाबूत. बासची सगळी बटणं चालू. झालेली दुरुस्ती : रीडचं मेण गेल्या वर्षी नवीन, आतल्या चामड्याच्या झडपा बदललेल्या, सगळे सूर जुळवून घेतलेले. दोष : पिकोलोचं, म्हणजे सर्वांत बारीक सुरांचं, बटण दाबल्यावर उजव्या हाताच्या सर्वांत वरच्या सहा पट्ट्या वाजत नाहीत. तीनदा दुरुस्तीला देऊनही फरक नाही. बाकी वाद्य उत्तम. सोबत कडक पेटी, खांद्याच्या पट्ट्यांचे दोन जोड, पाठीचा पट्टा. हौशी वादकाला योग्य."

विकणाऱ्याचं नाव नव्हतं, फक्त निरोप पाठवायची सोय होती.

तिचा नवरा शाळेत संगीत शिकवायचा आणि संध्याकाळी एका नृत्यवर्गाला साथ करायचा. शाळेतल्या पोरांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्याला मास्तरच म्हणत. गेल्या आठवड्यात तो म्हणाला होता, "अकॉर्डियन भात्याकडे टाकलाय दुरुस्तीला." भात्या म्हणजे वाद्यं दुरुस्त करणारा कारागीर. भात्यांची कामं करून करून त्याला तेच नाव चिकटलं होतं.

आता तिचं डोकं भराभर चालू लागलं. वाद्य भात्याकडे आणि जाहिरात बाजारात, म्हणजे भात्याच ते परस्पर विकत होता! आणि तो दोष? तो तर शुद्ध थाप होता. वरच्या पट्ट्या वाजत नाहीत म्हणे. अहो, रोज रात्री मास्तर सरावाला बसला की त्या शेवटच्या पट्ट्यांची शिट्टी भिंत भेदून तिच्या कपाळात घुसायची. हल्ली तर तो त्याच पट्ट्या पुन्हा पुन्हा दाबायचा, आणि ती आतून ओरडायची, "पुरे करा हो!" तरी हा थांबायचा नाही. म्हणजे खोटा दोष सांगून किंमत पाडायची आणि आपल्याच माणसाला विकत घ्यायला लावायचं, असा डाव होता तर. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते कुठे, हे आता तिला पक्कं कळलं होतं.

मास्तरला विचारायची सोय नव्हती. तो हल्ली विचारलेल्याला धड उत्तरच देत नसे. ती स्वयंपाकघरातून काही म्हणाली तर हूं नाही की चूं नाही. दाराची बेल वाजली तरी हा खुर्चीतून हलायचा नाही. ती त्याला घुमेपणा म्हणायची. मनातल्या मनात ती त्याला आणखीही एक नाव द्यायची. नृत्यवर्गाच्या बाई दिसायला बऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती पदर खोचूनच भात्याच्या दुकानात शिरली. दुकान कसलं, एक लांबट खोली. टेबलाला भोकं पाडून खाली पायाने चालवायचा भाता बसवलेला, त्यावर रीड, म्हणजे सूर काढणारी धातूची जीभ, ठेवून वाजवून बघायचं. बाजूला मेण वितळवायचं भांडं. भात्या एका रीडवर पात्याने हलकेच खरवडत होता.

"आमचा अकॉर्डियन दाखवा," ती म्हणाली.

"वहिनी, तो इथे नाही. मास्तर केव्हाच घेऊन गेले."

"मग हे काय?" तिने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

भात्याने जाहिरात वाचली. 'तीनदा दुरुस्तीला देऊनही' इथे त्याचा चेहरा लाल झाला. "असं लिहिलंय होय! अहो, तीनदा उघडला मी तो. एकेक रीड काढून या टेबलावर वाजवली. ठणठणीत. मास्तर समोर बसून म्हणतात, कुठे वाजतंय? शेवटी सूर मोजायचं मशीन लावलं. सुई टुणकन उडाली. तर म्हणाले, मशीनही तुझंच ना. भांडून निघून गेले."

"चांगल्या रीड तुम्हीच काढून घेतल्या असतील," फौजदारीण म्हणाली.

भात्याने पातं खाली ठेवलं. त्याला खूप बोलायचं होतं हे दिसत होतं. पण तो राग गिळून एवढंच म्हणाला, "वहिनी, मी वाद्यं दुरुस्त करतो. यात वाद्याचं काही बिघडलेलं नाही. पुढचं तुम्ही घरी बघा."

या बोलण्याचा तिने सरळ अर्थ काढला असता तर ती फौजदारीण कसली. 'घरी बघा' म्हणजे नवराही सामील! वाद्य भात्याकडे आहे अशी थाप त्याने मारली होती. जाहिरात त्याचीच होती. पंचवीस वर्षं उराशी धरलेलं वाद्य माणूस चोरून का विकतो? जायचं असलं की विकतो. रस्त्याने चालताना तिला नृत्यवर्गाच्या बाई, त्यांची सामानाची बॅग आणि मास्तरच्या बुटांचा जोड असं सगळं एकत्र दिसायला लागलं. तिला रडू आलं, पण रस्त्यात रडायची तिला लाज वाटली.

तिने बहिणीला नाव न देता विकणाऱ्याला निरोप पाठवायला लावला : वाद्य बघायचं आहे, कुठे येऊ? लगेच उत्तर आलं. शनिवारी दुपारी, शाळेची संगीताची खोली.

शनिवारी शाळा सुटलेली होती. फौजदारीण जिना चढली, दार उघडंच होतं. मास्तर खिडकीपाशी अकॉर्डियन फडक्याने पुसत बसला होता. पेटी उघडून ठेवलेली, खांद्याच्या पट्ट्यांचा जादा जोड नीट गुंडाळून त्यात ठेवलेला. तिची पाठीमागून हाक त्याला कळली नाही. ती पुढ्यात येऊन उभी राहिली तेव्हा तो दचकला.

"तू?"

"गिऱ्हाईक," ती म्हणाली. "दाखवा तुमचा माल. आणि कुठे चाललात तेही सांगा."

"कुठे म्हणजे?"

"सामान विकून माणूस जातो कुठेतरी."

मास्तरला काही उमगेना. मग त्याचा चेहरा पडला. "तुला सांगणारच होतो. तू चौकशा केल्या असत्या म्हणून नाही सांगितलं. अगं, बिघडलाय हा. स्नेहसंमेलनात मुलांसमोर वाजवायचा तुकडा शेवटी वर जाऊन संपतो, आणि तिथे नुसती हवा. भात्याने वाट लावली. दुसरा घ्यावा म्हणून दुकानात तीन वाजवून बघितले. तिन्हींचंही तेच! वरच्या पट्ट्या मुक्या. हल्ली सगळा मालच असला येतो."

फौजदारिणीच्या तोंडाशी आलेला नृत्यवर्गाच्या बाईंबद्दलचा प्रश्न तिथेच थांबला.

"तिन्हींचंही?" तिने विचारलं.

"तिन्हींचं. हे बघ, फसवाफसवी नको म्हणून जाहिरातीतही स्पष्ट लिहिलंय." त्याने पट्टे खांद्यावर चढवले, पिकोलोचं बटण दाबलं, भाता ओढला आणि टोकाची पट्टी दाबली.

सूर खोलीभर गेला. सुईसारखा बारीक आणि स्वच्छ. खिडकीबाहेरच्या कठड्यावरचं कबूतर उडालं.

"बघ," मास्तर म्हणाला. "काही नाही." त्याने पुढची दाबली. "काही नाही." सहाही पट्ट्या त्याने दाबल्या आणि सहाही वाजल्या. प्रत्येकीनंतर तो तिच्याकडे असा बघत होता, जणू आता तरी तिला पटेल.

तिला पटलं होतं. न ऐकलेली बेल, न ऐकलेल्या हाका, भात्याचं गप्प राहणं, सगळं एका दमात पटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपला संशय खरा निघावा असं तिला वाटलं. तो खरोखर कुणाबरोबर पळून चालला असता तर तिने त्याला कॉलर धरून परत आणलं असतं. या गोष्टीची कॉलर कुठे धरायची?

होय, बिघडलाय, विकून टाका, असं म्हणायचा मोह तिला झाला. एवढं म्हटलं असतं तर भात्या चोर ठरला असता, दुकानं लबाड ठरली असती आणि मास्तर सुखी राहिला असता. पण खोटं पचवायची तिच्या पोटाला सवय नव्हती.

"अहो," ती त्याच्या समोर वाकून, त्याला ओठ दिसतील असं म्हणाली, "वाजतंय."

"काय वाजतंय?"

"सगळ्या पट्ट्या वाजतायत. मला ऐकू येतंय."

मास्तर हसला. मग हसायचा थांबला. त्याने भाता पुन्हा ओढला, शेवटची पट्टी दाबून धरली आणि डोळे मिटले. सूर वाजत राहिला. भाता पूर्ण उघडेपर्यंत त्याने पट्टी सोडली नाही.

"आता?"

"आताही."

"तू दाब," तो म्हणाला. "वरून खाली ये. एकेक."

त्याने भाता सांभाळला आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत बसला. तिने आयुष्यात पट्टीला हात लावला नव्हता. ती एका बोटाने एकेक दाबत खाली येऊ लागली. पहिली, दुसरी, तिसरी. तो हलला नाही. सहावी झाली. तिने सातवी दाबली, तेव्हा मास्तरने अगदी हळू हात वर केला.

मग त्याने भाता मिटवला.

"भात्याला मी चोर म्हणालो गं," तो म्हणाला.

"मीपण म्हणाले."

त्याने मोबाइल काढला आणि जाहिरात उघडली. दोषाच्या ओळीवर त्याचा अंगठा बराच वेळ अडखळला. "हे खोटं लिहिलं गेलं," तो म्हणाला. "याच्यात दोष नाहीच." त्याने ती ओळ पुसली. उरलेला मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला, बनावट, भाता, मेण, पेटी, पट्टे. मग ती जाहिरातच काढून टाकली. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते लपवले नाहीत.

"सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली.

"जातो ना. तू कशाला? मी एकटा जाऊन येतो."

"मी येणार. डॉक्टर जे सांगेल त्यातलं निम्मं तुम्ही मला सांगायचेच नाहीत. मला सवय आहे तुमची."

"एवढा संशय?"

"एवढा," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरून अकॉर्डियनचे पट्टे उतरवायला लागली.