कॅमेऱ्याचं टेंगूळ

भिगवणच्या स्टेशन रस्त्यावर उत्कर्षाचं मोबाईल कव्हरांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गाळा, भिंतभर लटकलेली कव्हरं आणि काचेचा काउंटर. त्या काउंटरच्या चारी कोपऱ्यांना तिनं जाड रबर चिकटवलं होतं, कारण तिच्या लेकीला, चिमीला, नुकतंच उभं राहता येऊ लागलं होतं. नवरा दिग्विजय बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. तो सकाळी मोटारसायकलवर निघाला की दिवसभर दुकान आणि लेक दोन्ही तिच्याच जिवावर.

दुकानाला अजून वर्षही झालं नव्हतं. गिऱ्हाईक यायचं ते मुख्यतः मासळी बाजारातलं, आणि मासळी बाजारात साखरबाईचा शब्द चाले. उजनीच्या पाण्यातली चिलापी, रोहू, मरळ घेऊन पुण्याच्या हॉटेलांना पाठवणारी ही बाई एखाद्या दुकानात गेली, की मागून बाकीच्या जाणार. ती जायची थांबली, की त्याही थांबणार. उत्कर्षा हे पुरतं ओळखून होती. म्हणून त्या सकाळी साखरबाई पायऱ्या चढून आली आणि फोन काउंटरवर आपटल्यासारखा ठेवला, तेव्हा ती हातातलं काम टाकून पुढं झाली.

"तुझ्या कव्हरानं माझा फोन आंधळा केला बघ, पोरी."

"काय झालं, मावशी?"

"फोटू धुक्यातले येत्यात. हाटेलवाला म्हंतो, मासा शिळा हाय. पहाटं जाळ्यातनं काढलेला मासा, आन् शिळा म्हंतोय मेला."

उत्कर्षानं फोन उचलला. नवीन फोन, मागं वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन भिंगांचं चांगलं टेंगूळ आलेलं. तिनं कापडानं भिंगं पुसली. दोन स्वच्छ निघाली. खालचं मोठं, ज्यानं नेहमीचे फोटो निघतात, ते पुसूनही पांढुरकं राहिलं. बॅटरीच्या उजेडात तिरकं धरल्यावर काचेवरचे बारीक ओरखडे दिसले, घासणीनं घासलेल्या ताटासारखे.

पण हे कव्हर तिनंच निवडून दिलेलं. टेंगळाभोवती उंच कड असलेलं, म्हणजे फोन कुठंही ठेवला तरी कड टेकेल आणि भिंग अधांतरी राहील. मग ओरखडे आले कुठून? तिनं कव्हर उलटं करून बोट फिरवलं. कड नव्हतीच. कुणीतरी ती साफ उतरवली होती.

"मावशी, ही कड कुठं गेली?"

"मी कापली," साखरबाई शांतपणे म्हणाली. "इळीवर. मासा साफ करता करता फोनबी साफ केला."

"पण का?"

"डुलत हुता की. माझ्या एका हातात मासा, दुसऱ्या हाताचं एकच बोट कोरडं. फोन पत्र्याच्या टेबलावर पडल्याला, आन् त्याच बोटानं मी वजनं दाबती. डावीकडचं आकडं नीट लागायचं. उजवीकडं तीन दाबला की फोन ह्या कुशीवरनं त्या कुशीवर, आन् तीनाचं तेहतीस. गेणबाला चिलापीचं तेहतीस किलो लिहिलं मी. तो म्हणाला, मावशे, एवढी मी जन्मात न्हाय पकडली."

उत्कर्षाला हसू आलं, पण ते तिनं ओठातच ठेवलं. चूक कुणाची हे उघड होतं. कड कापल्यावर फोनचा भार सरळ भिंगाच्या काचेवर आलेला. टेबलावर मासळीबरोबर आलेली वाळू, आणि वर दिवसभर बोटाचे टकटक धक्के. काच वाळूवर घासत राहिली.

तोंडापर्यंत आलं होतं, मावशी, हे तुम्हीच केलंत. तेवढ्यात चिमीनं खालून फोनकडे हात केला. उत्कर्षानं तो मागं ओढला, आणि ओढताना तिच्या मनात आलं, आपण कव्हर दिलं तेव्हा सगळ्यात उंच कडेचं शोधलं. पडेल, घासेल, फुटेल, एवढंच डोक्यात. ती जास्तीची उंची टेंगळाखाली आणखी एक वीट ठेवल्यासारखी झाली आणि फोन जास्तच डुलू लागला. मावशी फोन कुठं ठेवतात, हे विचारलंच नाही.

"कड कापल्यानं काच घासली," ती म्हणाली. "पण डुलतंय हे मला आधी कळायला हवं होतं. मी बघायला हवं होतं. फोन दोन दिवस माझ्याकडं ठेवाल?"

"कॅमेरा बदलाया लागतोय व्हय?"

"बहुतेक नाही. वरची काचच वेगळी असते, ती बदलता येते. आतलं भिंग शाबूत असेल तर फोटो पहिल्यासारखे येतील. नसेल तर तसं सांगेन."

साखरबाईनं तिच्याकडं बघितलं, मग चिमीकडं. "दोन दिस जुना फोन वापरती. पर बाजारात मी सांगितलंय, कव्हर वाईट म्हणून. ते आता माझं मलाच खोटं पाडावं लागंल. बघ बाई."

दुसऱ्या दिवशी दिग्विजय निघताना तिनं फोन कापडात गुंडाळून दिला. त्यानं सवयीनं मोटारसायकलच्या हँडलवरच्या चिमट्यात अडकवायला घेतला.

"तिथं नको, अहो. हँडलचा थरथराट कॅमेऱ्याला सोसत नाही. आणि चिमटा नेमका टेंगळावरच दाबतोय. खिशात ठेवा."

"चिमीला एवढं जपत नाहीस," तो म्हणाला.

"चिमीला तुम्ही हँडलवर कधी बसवलंत?"

त्यानं फोन खिशात ठेवला. संध्याकाळी बारामतीच्या कारागिराकडून फोन परत आला. त्यानं ऊब देऊन जुनी काच सोडवली होती, आत धूळ जाऊ न देता नवी बसवली होती. उत्कर्षानं पहिला फोटो चिमीचा काढला. नाकावरचा भाताचा कणसुद्धा लख्ख.

राहिलं डुलणं. तिनं फोनला पहिल्यासारखंच कडेचं नवं कव्हर घातलं, पडदा वर करून काउंटरवर ठेवला आणि एकेका कोपऱ्यावर बोट दाबलं. खालचे दोन कोपरे टेकलेले. वरचा डावा टेंगळाच्या कडेवर उभा. वरचा उजवा तेवढा हवेत. चार पायांचा पाट, एक पाय आखूड. म्हणजे कापायचं काहीच नव्हतं, आखूड पाय लांब करायचा होता. कपाटाचं दार आपटून चिमीची बोटं चेंगरू नयेत म्हणून आणलेल्या रबराच्या पारदर्शक टिकल्या घरात होत्या. एक टिकली तिनं कव्हराच्या त्या हवेतल्या कोपऱ्याखाली चिकटवली, पण उंची कमी पडली. दुसरी तिच्यावर चढवली, तेव्हा उंची कडेला मिळाली. फोन आता वरच्या बाजूनं जरासा उचललेला, पण गप्प.

सकाळी चिमीला काखेत घेऊन ती मासळी बाजारात गेली. साखरबाईच्या पत्र्याच्या टेबलाभोवती सात-आठ बायका होत्या. सगळ्यांच्या देखत तिनं फोन टेबलावर ठेवला.

"दाबा, मावशी. उजवीकडचे आकडे."

साखरबाईनं कोरडं बोट पुढं केलं. तीन. सहा. नऊ. पुन्हा तीन, मुद्दाम जोरात. फोन हलला नाही. मग तिनं तो उलटा करून टिकली चाचपली, टोपलीतल्या मरळीचा फोटो काढला आणि डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघितला.

"खवले मोजून घ्या," ती हॉटेलवाल्याला निरोपात बोलली आणि फोटो पाठवून दिला.

मग बायकांकडं वळली. "कव्हर चांगलं हुतं गं. इळी माझी वाईट. आपापला फोन दावा हिला. कुणाचा डुलतोय ती बघंल."

टेबलावर एकामागं एक फोन पडू लागले. एकीचा कॅमेरा आडव्या पट्टीसारखा होता, तो मुळात डुलतच नव्हता. उत्कर्षानं तिला तसं सांगून परत पाठवलं, तेव्हा ती बाई जरा हिरमुसली. बाकीच्यांचे तिनं एकेक दाबून पाहिले, कुठं एक टिकली, कुठं दोन.

तोवर चिमी काखेतून वाकून साखरबाईच्या फोनवर मूठ मारत होती, दणादण. उत्कर्षानं तिचा हात धरायला घेतला.

"मारू दे," साखरबाई म्हणाली. "आता काय हालत न्हाय त्यो."