रजिस्टरात नसलेली सिस्टर

बावीस वर्षं डॉ. चंद्रप्रकाश माझ्या आईला 'सुंदरा सिस्टर' म्हणत होते. मंगळवारी दुपारी एका फोनमध्ये ते 'मावशी'वर आले.

हॉस्पिटलात मावशी म्हणजे आया. लादी, बेडपॅन, चादरी. माझी सातवी पास आई मुलुंडच्या त्या बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये आयाच म्हणून लागली होती. दोन वर्षांत डॉक्टरांनी तिला सलाईन लावायला शिकवलं, मग इंजेक्शन, मग टाके काढायला. पांढरा ड्रेस दिला आणि 'सिस्टर' केलं. पगार मात्र आयाचाच राहिला.

फोन आला तेव्हा मी घाटकोपरला तिच्याकडे जमिनीवर पालथी पडून निबंध लिहीत होते. जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, पहिलं वर्ष, नर्सिंगची ओळख हा विषय, शुक्रवारी द्यायचा होता: धर्मादाय शुश्रूषेपासून नोंदणीकृत व्यवसायापर्यंत. माझी दीड वर्षाची अपू माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. तिची झोप मोडू नये म्हणून मी फक्त मनगट हलवत लिहीत होते. असा मिळालेला तास मी कुणाला देत नाही. पण आईने फोन स्पीकरवर टाकला.

"मावशी, उद्या या. एक कागद तयार ठेवलाय, सही करायची. तुम्ही मला न विचारता इंजेक्शन दिलंत, एवढंच लिहिलंय. पोलिसांपर्यंत जाऊ देणार नाही मी. तुमची काळजी घेईन."

फोन बंद झाला. सोमवारी काय झालं ते आईने तेव्हा सांगितलं. गुणाजी नावाचे पेशंट, ताप. डॉक्टर बाहेर होते. त्यांनी फोनवर अँटिबायोटिक शिरेतून द्यायला सांगितलं. पेशंटची बायको सुगंधाताई म्हणाली, मागच्या वेळी असल्याच इंजेक्शनने अंगभर पित्त उठलं होतं. आईने ते फोनवर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही, द्या." पाच मिनिटांत गुणाजींचा श्वास अडकला, बीपी कोसळलं. दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. जगले, पण अजून आयसीयूत होते.

"तू दिलंस कशाला?" मी ओरडले. अपू दचकून उठली आणि रडायला लागली.

"मग कोण देणार होतं? ऋतिका सिस्टर?"

ऋतिका सिस्टरला आईने कधी पाहिलेलं नव्हतं. कुणीच नव्हतं. तिचं नर्सिंग कौन्सिलचं सर्टिफिकेट तेवढं फ्रेम करून रिसेप्शनमागे लावलेलं होतं. ते लागल्यापासून तीन वर्षं इंजेक्शन आई द्यायची आणि फाईलमध्ये डॉक्टर ऋतिकाच्या नावाची सही मारत होते.

आईने अपूला कडेवर घेतलं, थोपटलं, आणि पायाच्या अंगठ्याने माझी वही दाखवली. "काय लिहिलंयस? वाच."

मी वाचलं. क्रिमियाच्या युद्धानंतर १८६० साली लंडनमध्ये परिचारिकांची शाळा निघाली. त्याआधी आजाऱ्यांची सेवा म्हणजे पुण्यकर्म. जोगिणी करत, विधवा करत, नाहीतर दुसरं काम न मिळणाऱ्या बायका करत. त्यांना कुणी तपासत नसे. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा १९१९ला आला, मद्रासमध्ये १९२६ला, आपल्या मुंबई इलाख्यात १९३५ला. १९४७च्या कायद्याने देशभरासाठी कौन्सिल झालं आणि शिक्षणाचा दर्जा ठरू लागला. महाराष्ट्राचा कायदा १९६६चा. शिकायचं, परीक्षा द्यायची, तरच रजिस्टरात नाव. चूक केली तर ते नाव काढताही येतं. "अशा रीतीने अप्रशिक्षित स्त्रियांकडून शुश्रूषा करून घेण्याची धोकादायक प्रथा संपली."

"संपली?" आई म्हणाली. "मग मी कोण गं, भूत?"

माझे कान तापले. ते वाक्य मी पुस्तकातून उचललं होतं. ते लिहिताना मला माझी आईसुद्धा आठवली नव्हती.

"आणि धोकादायक!" ती थांबेना. "तुझी फी या धोकादायक हातांनी भरलीय."

"पण आई, झालं ना ते? मरता मरता वाचला तो माणूस."

अपूला थोपटणारा तिचा हात थांबला. मग म्हणाली, "हो. झालं."

बुधवारी अपूला कडेवर घेऊन मी तिच्यासोबत गेले. डॉक्टरांनी केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. कागद टाईप केलेला होता. आईचं पद 'आया'. तिने 'अधिकार नसताना, स्वतःच्या मर्जीने' इंजेक्शन दिलं, असं.

"अधिकार नव्हता, बरोबर," मी म्हणाले. "मग बावीस वर्षं देत होती ते कुणाच्या मर्जीने?"

"तू शिकतेयस ना बाळा? मग समजून घे. नर्सिंग ही सेवा आहे. मावशींनी सेवाभावाने—"

"सेवाभाव नका सांगू, सर. फोनवरची ऑर्डर असेल तर नर्स ती लिहून घेते, वाचून दाखवते, मग डॉक्टर येऊन त्यावर सही करतात. कुठेय ती ऑर्डर?"

"त्या नर्स नाहीत. त्यांनी लिहायचं नसतं."

"टोचायचं असतं, लिहायचं नसतं. वा! नर्सिंग होमच्या लायसन्सला शिकलेल्या नर्स लागतात ना? मग बोलवा ऋतिका सिस्टरला. सोमवारी ड्यूटीवर त्याच होत्या, तुमच्या फाईलप्रमाणे."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मावशी, पोरीला आवरा. उद्या केस झाली तर आत तुम्ही जाल."

आई उठली. मला वाटलं ती पेन घेणार. तिने अपूच्या हातातला कपाचा कान सोडवला, तिची बोटं आपल्या पदराला पुसली आणि म्हणाली, "फोनवर तुम्ही सांगता ते मी मोठ्याने परत म्हणते, सर. विसरू नये म्हणून. सुगंधाताई शेजारीच होती. मी पित्ताचं बोलले तेही तिने ऐकलं, आणि तुम्ही 'द्या' म्हटल्यावर मी 'देते' म्हणाले तेही."

बाहेर रिक्षा स्टँडजवळच्या कट्ट्यावर बसून तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मी एक शब्दही सांगितला नाही. सांगायला गेले तर तिने हाताने गप्प केलं. 'मी नर्स नाही. माझी कुठे नोंद नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं म्हणून मी गुणाजी यांना इंजेक्शन दिलं. पित्त उठतं हे मला कळलं होतं. मी द्यायला नको होतं. फाईलमधली सही माझी नाही. जिची आहे ती बाई इथे येत नाही.'

"एवढं कबूल करायची गरज नाही," मी म्हणाले.

"का? नर्स असते तर माझं नाव खोडलं असतं ना? मग रजिस्टरात नाव नाही म्हणून सुटू?"

झेरॉक्स काढून एक प्रत महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे दिली. नर्सिंग होमचं लायसन्स तिथूनच मिळतं. तिथल्या माणसाने दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, तुम्हीच अडकाल, कळतंय ना?" आई म्हणाली, "शिक्का मारा." दुसरी प्रत तिने आयसीयूबाहेर बसलेल्या सुगंधाताईच्या हातात दिली. सुगंधाताईने वाचून वर पाहिलं. "तुम्ही सिस्टर नाही?" "नाही." ती तोंड फिरवून बसली. आई तिच्यासमोर उभीच राहिली. शेवटी मी आईला दंडाला धरून बाहेर आणलं.

मला अजून राग येतो. डॉक्टरांचा येतो, त्या फ्रेमचा येतो, आईचाही येतो. त्या निबंधातल्या वाक्याचा तर सगळ्यात जास्त. ती प्रथा संपलेली नाही. तिच्यावर दुसऱ्याच बाईचं सर्टिफिकेट टांगलंय. तसं मी गुरुवारी दुपारी लिहिलं, जुनं वाक्य खोडून. आई शेजारी बसून अपूला भात भरवत होती. नोकरी गेली होती. वॉर्ड ऑफिसातून चौकशीला बोलावणं येणार होतं.

"तुझ्या त्या कोर्सला वयाची अट असते का गं?" तिने विचारलं.

"पस्तीस. आणि बारावी लागते."

आई अठ्ठेचाळीसची आहे. शिकल्याशिवाय रजिस्टरात नाव नाही, ही अट बरोबर आहे हे मला माहीत होतं. माझ्या अपूला कुणी इंजेक्शन द्यायला आलं तर मीही आधी रजिस्टरातला नंबर विचारेन. हे मी तिला सांगितलं. सांगताना मला रडू आलं.

"विचारच," ती म्हणाली, आणि अपूच्या तोंडात पुढचा घास घातला.